गाडी अंगाला बसते का? कम्युटर, नेकेड, स्पोर्ट, क्रूझर की अॅडव्हेंचर हे ठरवण्याची रीत

यामाहाच्या शोरूममध्ये आर15 आणि एमटी-15 बहुधा शेजारी शेजारी उभ्या असतात. दोघींचं इंजिन एकाच घराण्यातलं, 155 सीसीचं. चेसिसची घडणही एकच. सीटच्या उंचीत फरक फक्त पाच मिलिमीटरचा, आर15ची 815 आणि एमटीची 810. कागदावर बघितलं तर या जुळ्या बहिणी आहेत. पण एमटीवर बसून हँडल धरा आणि मग आर15वर बसा. पहिलीवर पाठ जवळजवळ सरळ राहते, कोपर सैल राहतात. दुसरीवर छाती टाकीवर झुकते, मान वर उचलावी लागते आणि तळहातावर वजन येतं. पहिली नेकेड आहे, म्हणजे फेअरिंग हे पुढचं प्लॅस्टिकचं आवरण नसलेली, आणि दुसरी स्पोर्ट.

नवीन माणूस गाडी निवडताना सीसी, एव्हरेज आणि किंमत यांची तुलना करतो, कारण ते आकडे छापलेले मिळतात. बसण्याची ढब कुठे छापलेली नसते. रोज तासभर गाडी चालवणाऱ्याच्या कमरेला, मनगटाला आणि गुडघ्याला मात्र तीच भोवते किंवा तारते. म्हणून ही ढब स्वतः मोजायची कशी, त्यावरून गाडीचा प्रकार ओळखायचा कसा आणि आपल्या रस्त्याला कुठला प्रकार लागू पडतो, ते पायरीपायरीने बघू.

पायरी 1: घरी दोन गोष्टी लिहून घ्या

पहिली गोष्ट पायांची आतली उंची. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, दोन पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक आडवं धरून वर सरकवा, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. पँटच्या मापावर जाऊ नका, ते हमखास कमी असतं. समजा 74 सेंटिमीटर आलं. आता कोणी म्हणेल, 800 मिलिमीटर म्हणजे 80 सेंटिमीटर उंचीची सीट, पाय पोचायचेच नाहीत. तसं होत नाही. बुटाचा तळ दोन-तीन सेंटिमीटरची भर घालतो. तुम्ही बसल्यावर शॉकअप दबतात, कम्युटरवर साधारण दीड-दोन आणि लांब शॉकअपच्या अॅडव्हेंचर गाडीवर तीन-चार सेंटिमीटर. उलट सीट आणि टाकी जिथे मिळतात तो भाग रुंद असेल, तर मांड्या फाकतात आणि तेवढा पाय आखूड पडतो. त्यामुळे 825 मिलिमीटरच्या अरुंद सीटवर पोचणारा माणूस 805च्या रुंद सीटवर चवड्यांवर उभा राहिलेला दिसतो. छापील आकड्यावरून फक्त यादी करा. निर्णय बसून बघितल्यावर घ्यायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमचा खरा आठवडा. स्वप्नातला लडाख आत्ता बाजूला ठेवा. रोज किती किलोमीटर, त्यातले तुंबलेल्या रस्त्यावरचे किती आणि मोकळे किती, डबलसीट कोण बसतं आणि किती वेळा, गाडी रात्री कुठे उभी राहते, तिथे उतार आहे का, आणि गाडी उलटी ढकलत काढावी लागते का. शेवटचे दोन प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि गाडी घरी आल्यावर रोज सकाळी त्यांना आठवतात.

पायरी 2: शोरूममध्ये दोऱ्याची परीक्षा

बसण्याची ढब तीन बिंदूंनी ठरते: तुमचं बूड टेकतं ती सीटवरची जागा, हँडलची मूठ आणि फूटरेस्ट. या तिघांचा त्रिकोण प्रत्येक प्रकारात वेगळा असतो आणि तो ओळखायला एक हातभर दोरा आणि एक किल्ली पुरते.

सेल्समनला गाडी डबल स्टँडवर लावायला सांगा. नसेल तर कुणाला तरी पुढून हँडल धरून गाडी सरळ उभी ठेवायला सांगा. रोज वापरता तेच बूट घालून बसा, दोन्ही पाय फूटरेस्टवर, दोन्ही हात मुठींवर. आता सोबतच्या माणसाने दोऱ्याच्या टोकाला किल्ली बांधून दोरा तुमच्या कमरेच्या सांध्यापाशी, म्हणजे मांडी जिथून वळते तिथे धरावा आणि किल्ली स्थिर होऊ द्यावी. दोरा फूटरेस्टच्या तुलनेत कुठे लोंबतो ते बघायचं.

कम्युटरवर फूटरेस्ट दोऱ्यापेक्षा बेताने पुढे असतो, खुर्चीत बसल्यासारखा. नेकेडवर तो दोऱ्याच्या जवळ, कधी जरा मागे. स्पोर्टवर फूटरेस्ट मागे आणि वर गेलेला असतो, गुडघा चांगलाच मुडपतो. क्रूझरवर तो बराच पुढे असतो, पाय सैल सोडून बसल्यासारखे. अॅडव्हेंचरवर दोऱ्यापासून फार लांब नसतो, पण सीटपासून खोल असतो, त्यामुळे गुडघा बराच मोकळा राहतो. तसेच बसलेले असताना बाजूने मोबाईलवर एक फोटो काढून घ्या. चार शोरूम फिरल्यावर कुठली गाडी कशी वाटली हे डोक्यात राहत नाही. फोटो शेजारी शेजारी ठेवले की फरक लख्ख दिसतो.

त्यानंतर हाताची परीक्षा. पाठ आहे त्याच कोनात ठेवून दोन्ही हात मुठींवरून बोटभर उचला. तोल न जाता तसंच बसता आलं, तर वजन बुडावर आणि पायांवर आहे. पुढे कोसळायला झालं, तर ते सगळं वजन मनगटं पेलत होती. स्पोर्ट गाडीवर थोडंफार कोसळणं ठरलेलंच आहे. कम्युटरवर किंवा नेकेडवर तसं झालं, तर हँडल तुमच्या हातांच्या मानाने लांब पडतंय.

मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. अंगठा टाकीला चेपतो का? बाहेरच्या बाजूचा हात ताणून खांदा पुढे खेचला जातो का? शेवटी त्या गाडीवर निदान दहा मिनिटं बसून राहा. पहिल्या मिनिटाला सगळ्याच सीट मऊ लागतात.

पायरी 3: प्रत्येक ढब अंगावर काय करते

*कम्युटर.* स्प्लेंडर प्लस हा याचा नमुना धरा. सीट 785 मिलिमीटर, वजन 112 किलो. हँडल उंच, सीट लांब आणि सपाट, पाठ सरळ. गर्दीत मान सहज दोन्हीकडे वळते, समोरच्या रिक्षाच्या टपावरून पुढचं दिसतं, आणि पाय टेकायला कमरेची हालचाल करावी लागत नाही. लांब सीटमुळे पुढचा माणूस पाच-सात सेंटिमीटर पुढेमागे सरकू शकतो आणि मागच्यालाही बसायला ऐसपैस जागा मिळते. डबलसीट बसणारी व्यक्ती साडी नेसून एका बाजूला पाय टाकून बसत असेल, तर हाच प्रकार तिच्यासाठी खरोखर सोयीचा आहे, कारण मागची पकड, साडी गार्ड आणि आडवा फूटरेस्ट यांचा विचार इथे मनापासून केलेला असतो.

दोष दोन. पाठ सरळ असल्यामुळे मागच्या चाकाचा दणका थेट कण्यात जातो, म्हणून खड्ड्याआधी पायांवर जोर देऊन बूड दोन बोटं उचलायची सवय लावून घ्यावी लागते. दुसरा दोष हलकेपणाचा. शहरात जो हलकेपणा वरदान आहे, तोच महामार्गावर कंटेनर शेजारून गेला की गाडीला बाजूला ढकलतो. शंभर सीसीची गाडी ऐंशीच्या वेगाने तासभर पळवली, तर मुठींतून आणि फूटरेस्टमधून येणाऱ्या कंपनाने हातपाय बधिर होतात. साठच्या आसपास हीच गाडी दिवसभर तक्रार करत नाही.

*नेकेड.* पल्सर एनएस200, अपाचे आरटीआर 160 4व्ही, एमटी-15 या जातीच्या. अंग थोडं पुढे झुकलेलं, त्यामुळे वजन बूड, पाय आणि हात यांच्यात वाटलं जातं आणि दणका एकट्या कण्याला सोसावा लागत नाही. हँडल रुंद असल्याने कमी जोरात गाडी वळते. शहर आणि अधूनमधून घाट अशा मिश्र वापराला ही ढब सगळ्यात जास्त प्रसंगांत पुरी पडते.

पण नव्वदच्या पुढे वारा सरळ छातीवर येतो. माणूस नकळत हँडलला लोंबकळून बसतो आणि तासाभरात खांदे भरून येतात. दुसरं म्हणजे मागची सीट. बऱ्याच नेकेड गाड्यांची सीट दोन तुकड्यांत असते आणि मागचा तुकडा उंच, आखूड, पुढे उतरता. ब्रेक लावला की मागचा माणूस घसरत पुढच्याच्या पाठीवर येतो. घरच्या माणसाला शोरूममध्ये सोबत न्या आणि मागे बसवून बघा. तिसरी गोष्ट पावसाळ्यातली: मागचा मडगार्ड आखूड असेल, तर चिखलाची सरळ रेघ पाठीवर आणि बॅगेवर उमटते. टायरला लगटून बसणारा छोटा मडगार्ड मिळतो, तो गाडी घेतानाच लावून घ्यावा.

*स्पोर्ट.* या ढबीबद्दल एक गोष्ट समजली की बाकीचं आपोआप उलगडतं: ती वाऱ्यावर टेकून बसायची ढब आहे. वेग वाढला की समोरून येणारा वारा छातीला खालून आधार देतो आणि मनगटावरचं वजन हलकं होतं. ट्रॅकवर किंवा मोकळ्या रस्त्यावर म्हणूनच ही गाडी सुखाची वाटते. पुण्यात सिंहगड रोडला संध्याकाळी पंचवीसच्या वेगाने सरकताना तो वारा नसतो, मग छातीचा सगळा भार तळहातांवर उतरतो. त्यात दर वीस पावलांना ब्रेक, आणि प्रत्येक ब्रेकला अंग पुढे ढकललं जातं.

पहिली खूण बोटांत दिसते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुंग्या आल्यासारखं होत असेल, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर दाब पडतोय. अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होत असतील, तर मनगट मागे मुडपून धरलं जातंय. उपाय एकच, तो म्हणजे गुडघ्यांनी टाकी घट्ट धरणं आणि पोटाचे स्नायू वापरून अंग तोलणं, म्हणजे कोपर सैल सोडता येतात. ब्रेक लावण्याआधी मांड्या आवळल्या की मनगट वाचतं. हे जमायला काही आठवडे लागतात. ज्यांच्या मानेला किंवा कमरेला आधीच दुखणं आहे, त्यांनी जमेल म्हणून धरून बसू नये.

रोजच्या वापरात आणखी अडचणी येतात. हँडल टाकीला आणि फेअरिंगला लागू नये म्हणून ते कमी वळतं, त्यामुळे पुलाखालच्या यू-टर्नला पाय टेकत मागेपुढे करावं लागतं. आरसे फेअरिंगवर पसरलेले असतात, रिक्षांच्या रांगेतून जाताना तेच आधी अडकतात. मागची सीट इतकी उंच आणि चिमुकली असते की मागच्याचं वजनही ब्रेकच्या वेळी तुमच्याच मनगटावर येतं.

*क्रूझर.* मीटिओर 350ची सीट 765 मिलिमीटर आणि अॅव्हेंजर क्रूझ 220ची त्याहून खाली, 737. पाय सपाट टेकतात, हँडल हाताशी येतं, आणि उंची कमी असलेल्या माणसाला पहिल्यांदा गाडी आपल्या ताब्यात असल्याचा विश्वास येतो. हे सुख खरं आहे. सत्तर-ऐंशीच्या वेगाने गुळगुळीत रस्त्यावर तीन तास सलग जायचं असेल, तर गुडघे आणि मनगटं इतकी निवांत दुसरीकडे राहत नाहीत.

मात्र पाय पुढे गेले की त्यांच्यावर उभं राहता येत नाही. हे एकदा घरच्या खुर्चीत करून बघा: पाय लांब पुढे टाकून, हातांचा आधार न घेता उठायचा प्रयत्न करा. उठताच येत नाही. क्रूझरवर खड्डा समोर दिसत असतानाही तेच होतं. सगळं वजन माकडहाडावर, मागच्या शॉकअपचा पल्ला बेताचा, आणि दणका सरळ कमरेत. कमरेच्या खालच्या भागाचं दुखणं असलेले बरेच जण ऐसपैस सीट बघून क्रूझर घेतात आणि खराब रस्त्यावर पस्तावतात. रस्ता चांगला असेल तर क्रूझर कमरेला मानवते. रस्ता फुटलेला असेल तर तीच सगळ्यात जास्त दुखवते.

वजन हा दुसरा मुद्दा. मीटिओर 191 किलोची आहे आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर 1400 मिलिमीटर. स्प्लेंडरचं हेच अंतर 1236. चालत्या गाडीवर हे वजन जाणवत नाही. सोसायटीच्या तळघरातून उतारावर उलटी ढकलत काढताना ते जाणवतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. क्लासिक 350 आणि हंटर 350 यांनाही लोक सरसकट क्रूझर म्हणतात. मीटिओर, क्लासिक आणि हंटर या तिघींचं 349 सीसीचं इंजिन एकाच घडणीचं आहे, पण क्लासिकवर पाठ सरळ आणि पाय मधोमध राहतात आणि हंटरवर अंग किंचित पुढे येतं. दोऱ्याची परीक्षा तिन्हींवर करा, लगेच कळेल. नावावर किंवा आवाजावर जाऊ नका.

*अॅडव्हेंचर.* पाय खाली, हँडल रुंद आणि उंच, शॉकअप लांब. हिमालयन 450च्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही शॉकअपना दबायला 200 मिलिमीटरचा पल्ला आहे, आणि इंजिनाच्या पोटाखाली 230 मिलिमीटर मोकळी जागा. या ढबीचं मर्म म्हणजे चालत्या गाडीवर उभं राहता येतं. उभं राहिलं की गुडघे हेच दोन जादा शॉकअप होतात. खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्यावर दिवसभर चालवायचं असेल, तर आपल्याकडे याला तोड नाही, मग ती गाडी डोंगरात कधी गेली नाही तरी चालेल. मुरूम पसरलेला वाडीवरचा रस्ता, साइडपट्टीचा उतार, पावसाने उखडलेला पूल, हे सगळं तिच्या हद्दीत येतं.

अडचण गाडी थांबल्यावर सुरू होते. हिमालयनची सीट 825 मिलिमीटरवर, वजन 196 किलो. सपाट जागी एक पाय नीट टेकला तरी पुरतं. पण रस्ता एका बाजूला उतरता असेल आणि पाय नेमका खालच्या बाजूला टेकायला गेला, तर जमीन चार बोटं खाली असते. तेवढ्यात गाडी कलते, आणि एकदा कलली की एवढं वजन एका पायावर सावरत नाही. अॅडव्हेंचर गाड्या जितक्या चालताना पडतात त्याहून जास्त अशा थांबताना पडतात. मागे वर पेटी आणि त्यात सामान असेल, तर वजन आणखी उंचावर जातं. उपाय हा की थांबायच्या दहा फूट आधी कुठला पाय टेकायचा ते ठरवायचं, तो उंचवट्याच्या बाजूलाच टेकायचा आणि हँडल सरळ ठेवूनच थांबायचं.

आणखी एक बारीक गोष्ट शोरूममध्ये विचारून घ्या: चाक तारांचं असेल तर आत ट्यूब आहे का? ट्यूबलेस टायरचं पंक्चर चाक न काढता पाच-दहा मिनिटांत निघतं. ट्यूबवाल्यात चाक खोलावं लागतं, आणि रात्री आठ वाजता ऑफिसच्या रस्त्यावर हा फरक मोठा असतो.

पायरी 4: टेस्ट राइड आपल्या अटींवर

शोरूमवाले बहुधा मागच्या गल्लीतून एक चक्कर मारून आणतात. तेवढ्यात इंजिन कळतं, ढब कळत नाही. निदान अर्धा तास मागा आणि गर्दीच्या वेळी जा. हेल्मेट, बूट आणि रोजची बॅग पाठीला असू द्या, कारण सहा किलोच्या बॅगेने झुकलेल्या ढबीत मान आणि खांद्यांचं गणित बदलतं.

या अर्ध्या तासात चार गोष्टी हव्याच. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच धरून-सोडून सरकणारी गर्दी, एक फुटका रस्ता, पाय न टेकता एक यू-टर्न, आणि शेवटी इंजिन बंद करून गाडी चढावर दहा पावलं उलटी ढकलणं. ढकलून झाल्यावर डबल स्टँड असेल तर तो स्वतः लावून बघा. जमत असेल, तर परत येताना मागे घरचं माणूस बसवा.

उतरल्यावर लगेच मत बनवू नका. दहा मिनिटं चालून घ्या आणि मग शरीराला विचारा. दोन्ही तळहात जड वाटत असतील तर वजन पुढे आहे. माकडहाड ठणकत असेल तर वजन मागे आहे आणि पाय काही पेलत नाहीत. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ओढ वाटली तर फूटरेस्ट तुमच्या पायांच्या मानाने उंच आहे. फक्त मांड्या थकल्या असतील तर काळजी नको, सवयीने जाईल.

एक उदाहरण पूर्ण सोडवून

धरा की एक जण कात्रजला राहतो आणि नोकरी हिंजवडीला. उंची 5 फूट 4 इंच, पायांची आतली उंची 74 सेंटिमीटर. बायपासने नवले पूल, वारजे, चांदणी चौक, वाकड असं एका बाजूला पंचवीस किलोमीटर. महिन्याचे बावीस दिवस धरले तर 1100 किलोमीटर. महिन्यातून दोनदा साताऱ्याच्या पुढे गावी डबलसीट, येऊन-जाऊन 220 प्रमाणे 440. गाडी तळघरात, वर यायला चढ.

मनात मीटिओर आहे आणि मित्र हिमालयन घे म्हणतोय. दोन्ही विचार गावच्या 440 किलोमीटरवर बेतलेले आहेत. रोजच्या 1100 किलोमीटरमध्ये नवले पुलापाशी आणि वाकडला क्लच धरून सरकणं आहे, आणि मधल्या पट्ट्यात जड वाहनांच्या शेजारून साठ-सत्तरने जाणं आहे.

आर15 पहिल्याच फेरीत बाद होते. सरकत्या गर्दीत मनगट, आणि महिन्यातून दोनदा खंबाटकी घाटात मागे बसणाऱ्याचे हाल. हिमालयनवर याचे चवडे टेकतात, टाचा नाहीत. दिवसातून पन्नास वेळा थांबणाऱ्याला ते रोजचं ओझं होईल. मीटिओरवर पाय सपाट टेकतात आणि साताऱ्याचा रस्ता मजेत जातो, पण तळघराचा चढ आणि सर्व्हिस रोडवरचे खड्डे हे दोन प्रश्न उरतात. शंभर सीसीची कम्युटर गर्दीत उत्तम, पण बायपासवर ट्रकच्या झोताने हलते आणि घाटात डबलसीट असताना दम टाकते.

राहिल्या दोन. 125 सीसीची कम्युटर किंवा 160 सीसीची नेकेड. गावी जाताना मागे बसणारी व्यक्ती दोन्हीकडे पाय टाकून बसत असेल, तर नेकेड घ्यावी: अपाचे 160 4व्हीची सीट 800 मिलिमीटर, पण पुढे अरुंद असल्याने बहुतेक पाऊल टेकतं, आणि बायपासवर ती जमिनीला धरून चालते. एका बाजूला पाय टाकून बसणारी असेल, तर 125ची कम्युटर, आणि घाटात तिसऱ्या गिअरवर निवांत चढायची तयारी ठेवायची. ज्याची गाडी तळमजल्यावर सपाट जागी उभी राहते आणि ज्याच्या रस्त्याला खड्डे कमी आहेत, त्याचं उत्तर इथेच मीटिओरकडे झुकलं असतं.

पायरी 5: घेतल्यावर काय जुळवता येतं आणि काय नाही

डिलिव्हरीच्या दिवशीच तीन गोष्टी मेकॅनिककडून जुळवून घ्या. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर असे फिरवायचे की मुठीवर हात ठेवून बोटं सरळ केली की ती कोपरापासूनच्या रेषेतच लिव्हरवर पडली पाहिजेत. मनगट वर किंवा खाली मुडपायला लागू नये. बूट घालून गिअरचा लिव्हर पावलाच्या उंचीला आणा. आणि डबलसीट जास्त असेल तर मागच्या शॉकअपची स्प्रिंग एक-दोन खाचा कडक करा, नाहीतर गाडी मागे बसते आणि स्पीडब्रेकरला पोट घासतं.

हँडल उंच करणारे तुकडे बाजारात मिळतात आणि वीस-तीस मिलिमीटरच्या उंचीने पाठीला बराच आराम पडतो. बसवल्यावर एक परीक्षा न चुकता करा: गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवा. इंजिनचा आवाज वाढला, तर अॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. ही गाडी यू-टर्नमध्ये आपोआप पुढे झेपावेल. क्लच केबल आणि पुढच्या ब्रेकचा पाइप ओढला जातोय का तेही त्याच वेळी बघा. ओढ असेल तर तुकडे काढा किंवा लांब केबल घाला. तसंच चालवू नका.

सीट कोरून उंची कमी करून देणारे कारागीर प्रत्येक शहरात आहेत. दोन सेंटिमीटरपर्यंत ठीक, त्याहून जास्त फोम काढला की खालचं प्लॅस्टिक बुडाला लागायला लागतं, आणि सीट ते फूटरेस्ट अंतर घटल्याने गुडघा जास्त मुडपतो. मागच्या शॉकअपच्या जोडपट्ट्या बदलून पूर्ण गाडीच खाली आणली, तर साइड स्टँड त्या उंचीला लांब पडतो. गाडी स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहते आणि उलट्या बाजूला पडते. असं काम केलं तर साइड स्टँडही त्याच मापात कापून घ्यावा लागतो.

फूटरेस्टची जागा मात्र चेसिसला ठरलेली असते. ती पुढेमागे करायची तर ब्रेक आणि गिअरचे दांडेही बदलावे लागतात. म्हणून दोऱ्याच्या परीक्षेत फूटरेस्ट तुमच्या अंगाला चुकीचा वाटला असेल, तर हँडल आणि सीटने तो दुरुस्त होणार नाही. ती गाडी शोरूममध्येच सोडा आणि पुढची बघा.